वायरीतून आलेला प्रश्न

ऑगस्ट २०११. लास व्हेगासच्या एका हॉटेलात ‘डेफकॉन’ हा हॅकरांचा वार्षिक मेळावा भरला होता. संगणक कसे फोडतात आणि कसे सांभाळतात, हेच ज्यांचं रोजचं काम, अशी हजारो माणसं तिथे जमली होती. एका कोपऱ्यात मोफत चार्जिंगचा स्टँड उभा होता. वेगवेगळ्या फोनना चालतील अशा वायरी लोंबत होत्या आणि वर निळ्या पडद्यावर मोफत चार्जिंगची पाटी होती. कोणी फोन लावला की पडदा लाल व्हायचा आणि त्यावर मजकूर उमटायचा : सार्वजनिक चार्जिंगवर असा विश्वास टाकू नका, तुमच्या फोनमधली माहिती सहज काढून घेता आली असती. साडेतीन दिवसांत निदान ३६० जणांनी तिथे फोन लावले. एअर्स सिक्युरिटी या कंपनीच्या ब्रायन मार्कस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धडा शिकवण्यासाठी हा स्टँड बनवला होता, त्यामुळे कोणाचं काही चोरीला गेलं नाही. पत्रकार ब्रायन क्रेब्ज याने त्याची बातमी लिहिली आणि या प्रकाराला ‘ज्यूस जॅकिंग’ म्हटलं. ते नाव तेव्हापासून चिकटलं.

या नावाने येणारे इशारे आता आपल्याकडेही नवे राहिलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तिच्यात ज्यूस जॅकिंगचा समावेश आहे. विमानतळावर, मॉलमध्ये, बसमध्ये फोन लावू नका, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. ते वाचून काहीजण घाबरून बॅटरी संपू देतात, तर बाकीचे दुर्लक्ष करतात. नेमकं काय होऊ शकतं आणि कशामुळे टळतं, हे मात्र त्या संदेशांत नसतं.

एकाच वायरीतली दोन कामं

सगळ्याचं मूळ यूएसबीच्या रचनेत आहे. जुन्या, चपट्या यूएसबी पिनेत चार पट्ट्या असतात. दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. टाइप-सीमध्ये संपर्कबिंदू चोवीस झाले, तरी तत्त्व तेच राहिलं : वीज आणि माहिती एकाच तोंडातून आत-बाहेर करतात. भिंतीतल्या यूएसबी सॉकेटमागे साधा चार्जर आहे की छोटा संगणक, हे बाहेरून दिसत नाही.

मग संगणक असला तर तो काय करू शकतो? २०१३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं उत्तर ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत करून दाखवलं. त्यांनी ‘मॅक्टन्स’ नावाचा चार्जर बनवला होता. आत तळहातावर मावेल असा बीगलबोर्ड नावाचा संगणक होता. त्याला आयफोन जोडला की मिनिटभरात फोनमध्ये बनावट ॲप बसत असे. फोनच्या मालकाला काहीच विचारलं जात नसे, कारण त्या काळी आयफोनच विचारत नव्हता. ज्या संगणकाला जोडला, त्याला तो आपला मानत होता.

ॲपलने ही फट त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये बुजवली. तेव्हापासून आयफोन अनोळखी संगणकाला जोडला की पडद्यावर ‘Trust This Computer?’ असा प्रश्न येतो, आणि पुढे त्याला पासकोडचीही जोड मिळाली. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून वेगळी वाट धरली. फोन जोडला की तो आपणहून फक्त चार्ज होतो. फाइल द्यायच्या असतील तर मालकाने सूचनेवर बोट ठेवून तसं निवडावं लागतं. २०१८ मध्ये आयओएस ११.४.१ ने आणखी एक कडी घातली : फोन तासभर कुलूपबंद राहिला, तर यूएसबीतून नव्याने जोडलेल्या उपकरणाशी तो बोलतच नाही, फक्त वीज घेतो.

या बदलांमुळे २०११ सालचा तो स्टँड आज जसाच्या तसा मांडला, तर तो निरुपयोगी ठरेल. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने विमानतळावरच्या मोफत चार्जिंगपासून सावध राहा असं ट्वीट केलं आणि जगभर बातम्या झाल्या. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मात्र आपल्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलं आहे की, असा प्रकार प्रत्यक्षात घडल्याची खात्रीशीर घटना आपल्याला ठाऊक नाही. त्याआधी २०१९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयानेही असाच इशारा दिला होता. पत्रकारांनी विचारल्यावर त्यांच्या दफ्तरी असा एकही खटला नसल्याचं निष्पन्न झालं.

म्हणजे इशारे पुष्कळ आणि गुन्हे कागदावर नाहीत. मात्र गोष्ट इथेच संपली असती, तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

‘होय’ म्हणणारा कीबोर्ड

ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांना एका जुन्या गृहीतकावर शंका आली. ॲपल आणि गूगल दोघांचाही बंदोबस्त एका समजुतीवर उभा होता : पडद्यावरच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारा माणूसच असणार. चार्जर प्रश्न निर्माण करू शकेल, पण बोट कुठून आणणार?

चार्जरला बोट नसलं तरी तो कीबोर्ड असल्याचं सोंग आणू शकतो. फोनला यूएसबी कीबोर्ड जोडता येतो आणि कीबोर्डवरच्या बाण-एंटरने पडद्यावरचं कुठलंही बटण दाबता येतं. अडचण एकच होती. यूएसबीच्या नात्यात एक बाजू यजमान असते आणि दुसरी पाहुणी. कीबोर्ड जोडलेला असताना फोन यजमान असतो. फोनमधल्या फाइल बघायच्या असतील तर समोरचं उपकरण यजमान असावं लागतं. एकाच वेळी दोन्ही भूमिका घेता येणार नाहीत, म्हणून प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असू शकणार नाही, असा कंपन्यांचा हिशोब होता.

ग्राझच्या मंडळींनी तो हिशोब चुकीचा ठरवला आणि २०२५ मध्ये ‘चॉइसजॅकिंग’ या नावाने आपलं काम जाहीर केलं. त्यांच्या तीन युक्त्यांपैकी आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींना लागू पडणारी युक्ती टप्प्याटप्प्याने बघण्यासारखी आहे. फोन उघडा असताना मालक तो चार्जरला लावतो. चार्जर सुरुवातीला ‘मी यूएसबी कीबोर्ड आहे’ असं सांगतो. कीबोर्ड जोडायला फोन परवानगी मागत नाही. मग हा कीबोर्ड भराभर कळा दाबत फोनच्या सेटिंगमध्ये शिरतो, ब्लूटूथ चालू करतो आणि चार्जरच्याच पोटात दडवलेल्या दुसऱ्या, ब्लूटूथ कीबोर्डशी फोनची जोडी जमवतो. आता फोनकडे बिनतारी कीबोर्ड आहे आणि यूएसबीची वाट मोकळी झाली. चार्जर त्या वाटेवर भूमिका बदलतो, स्वतः यजमान होतो आणि फाइल मागतो. फोन कर्तव्यदक्षपणे मालकाला प्रश्न विचारतो. ब्लूटूथ कीबोर्ड एंटर दाबतो.

माणसाला एवढं दिसायला नको का? संशोधकांनी त्याचीही सोय केली होती. फोन वीज किती ओढतो आहे, यातल्या चढउतारांवरून तो कधी उघडा आहे आणि मालकाचं पडद्याकडे लक्ष कधी नाही, याचा अंदाज त्यांचा चार्जर घेत असे. आठ कंपन्यांचे फोन तपासले गेले, जगातल्या सर्वांत जास्त खपाच्या सहा कंपन्या त्यांत होत्या. सगळ्यांवर कुठली ना कुठली युक्ती चालली. दोन कंपन्यांच्या बाबतीत तर कुलूपबंद फोनमधूनही फाइल निघाल्या.

संशोधकांनी कंपन्यांना आधी कळवलं होतं, त्यामुळे दुरुस्त्या निघाल्या. ॲपलने आयओएस १८.४ पासून आणि गूगलने अँड्रॉइड १५ पासून फाइल देण्याच्या प्रश्नाला पिन किंवा तत्सम ओळख जोडली. कीबोर्ड एंटर दाबू शकतो, पण पिन त्याला ठाऊक नसतो. मात्र अँड्रॉइडची आवृत्ती प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने सजवून देते. काम जाहीर झालं तेव्हा अँड्रॉइड १५ वर चालणाऱ्या सॅमसंगच्या ‘One UI 7’ मध्ये ही अट आलेलीच नव्हती.

म्हणून आपला फोन कुठे उभा आहे, हे घरीच बघून घ्यावं. फोन पूर्ण अद्ययावत करायचा, मग घरच्या संगणकाला जोडायचा आणि फाइल देण्याचा पर्याय निवडायचा. पिन किंवा बोटाचा ठसा मागितला, तर नवी दुरुस्ती आपल्या फोनवर पोचली आहे. नुसत्या एका टिचकीवर फाइल दिसू लागल्या, तर अनोळखी यूएसबी सॉकेटपासून हा फोन लांब ठेवलेला बरा.

स्टेशनवर, विमानतळावर

इतकं समजल्यावर प्रत्यक्षात करायच्या गोष्टी थोड्याच उरतात. पहिली : यूएसबीचं भोक सोडून तीन पिनांचं सॉकेट शोधायचं आणि त्यात आपला ॲडॉप्टर, आपली वायर लावायची. रेल्वेच्या डब्यातल्या किंवा स्टेशनवरच्या पिनेच्या सॉकेटमधून वीज येते, माहिती येत नाही. फोन बोलतो तो आपल्याच ॲडॉप्टरशी. नुसतं यूएसबीच असेल, तर त्यावर पॉवर बँक भरावी आणि फोन पॉवर बँकेवर लावावा.

वायर आपलीच का, यालाही कारण आहे. माइक ग्रोव्हर या अमेरिकी संशोधकाने २०१९ मध्ये ‘ओएमजी केबल’ दाखवली. दिसायला ती ॲपलच्या पांढऱ्या वायरीसारखीच, पण पिनेच्या आवरणात वायफायसकट एक चिमुकला संगणक बसवलेला. ही वायर सुरक्षा-चाचणी करणाऱ्यांसाठी आज उघड विकली जाते. ती महाग असल्यामुळे कोणी स्टेशनच्या बाकावर टाकून जाईल, ही शक्यता कमीच. पण सॉकेटला आधीच लटकत असलेली किंवा शेजाऱ्याने पुढे केलेली वायर न घेण्यात तोटा काहीच नाही.

दुसरा मार्ग फक्त वीज नेणाऱ्या वायरीचा किंवा ‘डेटा ब्लॉकर’ नावाच्या छोट्या जोडणीचा. हिच्यात माहितीच्या तारा तोडलेल्या असतात, त्यामुळे कीबोर्डचं सोंगही पलीकडेच राहतं. तिला एक मर्यादा आहे. जलद चार्जिंगच्या काही पद्धती माहितीच्या तारांवरूनच वेग ठरवतात. त्या तारा नसल्या की फोन सावकाश भरतो आणि माणूस वैतागून जोडणी काढून टाकतो. बाजारातली प्रत्येक जोडणी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वागतेच असंही नाही. तपासायची रीत सोपी आहे : तिच्यातून फोन घरच्या संगणकाला लावायचा. फोन नुसता चार्ज झाला आणि संगणकावर तो कुठेच उमटला नाही, तर जोडणी खरी.

नाइलाजाने यूएसबी सॉकेट वापरावंच लागलं, तर फोन लॉक करून मग लावावा आणि चार्ज होत असताना उघडू नये. काय दिसलं की वायर उपटायची, हेही लक्षात असू द्यावं. चार्जरला फोनकडून विजेशिवाय काही नको असतं. म्हणून ‘Trust This Computer?’, फाइल देण्याचा पर्याय किंवा ‘Allow USB debugging?’ यांपैकी काहीही पडद्यावर आलं, तर पलीकडे संगणक आहे. फिजिकल कीबोर्ड जोडल्याची सूचना आली, टाइप करताना पडद्यावरचा कीबोर्ड वर येईनासा झाला, ब्लूटूथ आपोआप चालू झालं किंवा सेटिंगची पानं स्वतःहून सरकू लागली, तर पलीकडून कोणी कळा दाबत आहे. अशा वेळी ‘नाही’ दाबत बसण्यापेक्षा वायर काढणं लवकर होतं. नंतर ब्लूटूथच्या यादीत अनोळखी कीबोर्ड दिसला, तर तो पुसून टाकावा.

झेरॉक्सच्या दुकानातला संगणक

चार्जिंगचा धोका बराचसा प्रयोगशाळेतला आहे. अनोळखी संगणकाची गोष्ट तशी नाही, कारण तिथे फोन आपण स्वतः जोडतो आणि ‘होय’ही स्वतःच दाबतो.

समजा, नाशिकमधली एक मुलगी परीक्षेचं प्रवेशपत्र छापायला कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आहे. मागे रांग लागलेली आहे. दुकानदार वायर पुढे करतो : “फोन लाव, ताई, आणि फाइल ट्रान्स्फर कर.” ती वायर लावते, फोन उघडते, सूचनेतून ‘File transfer / Android Auto’ निवडते. दुकानदार डाउनलोडच्या फोल्डरमधून एक पीडीएफ संगणकावर ओढतो, प्रिंट काढतो, दोन रुपये घेतो. सगळं दोन मिनिटांत आटोपतं.

त्या दोन मिनिटांत संगणकाला काय काय दिसू शकत होतं? एका प्रवेशपत्रासाठी तिने फोनच्या सामायिक साठवणीचं दारच उघडलं होतं. कॅमेऱ्यातले फोटो, स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर आलेली चित्रं आणि कागदपत्रं, डाउनलोड केलेलं आधार, मार्कशीट, बँकेचं स्टेटमेंट, सगळं याच साठवणीत असतं. बँकेच्या ॲपची स्वतःची माहिती किंवा यूपीआयचा पिन तिथे नसतो. प्रत्येक ॲपची खासगी जागा वेगळी असते आणि फाइल ट्रान्स्फरमधून ती दिसत नाही. पण ओळखीची चोरी करायला आधारची पीडीएफ पुरेशी असते. तिला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. शेजारच्या मार्कशीटवर ज्याला नाव आणि जन्मतारीख दिसते, त्याला तो ओळखायला वेळ लागत नाही.

इथे दुकानदार लबाड असण्याची गरज नाही. त्याच्या संगणकाला रोज शंभर पेन ड्राइव्ह लागतात, विंडोज कित्येक वर्षं जुनं असतं, आणि पेन ड्राइव्हवरचे फोल्डर शॉर्टकट होऊन जाण्याचा अनुभव तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या गाठीशी असतो. अशा संगणकात एखादा किडका प्रोग्राम बसलेला असेल, तर जोडलेल्या फोनमधून नक्कल करून घ्यायला त्याला दुकानदाराची परवानगी लागत नाही. शिवाय छापलेली पीडीएफ त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर पडून राहते, ती वेगळीच.

त्या मुलीकडे याहून बरे मार्ग होते. प्रिंट करायची तेवढी एकच फाइल घरून रिकाम्या पेन ड्राइव्हवर नेता आली असती. पेन ड्राइव्ह दूषित होऊन परत आला तरी तो फॉरमॅट करता येतो, फोनमधले फोटो तसे परत गोळा करता येत नाहीत. दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर किंवा ईमेलवर एकच फाइल पाठवली, तर फोन जोडावा लागत नाही. तिथेही फाइलची प्रत राहतेच, पण एकाच फाइलची. प्रिंट हातात पडल्यावर ती डेस्कटॉपवरून आणि रिसायकल बिनमधून पुसायला लावायची. छापायचं आधारच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ चालेल का, हे आधी विचारायचं. वायर लावण्यावाचून गत्यंतरच नसेल आणि छापायचा कागद फोटोच्या रूपात असेल, तर ‘File transfer’ऐवजी ‘PTP’ निवडावं. त्यात संगणकाला फोटोंचे फोल्डर तेवढे दिसतात, डाउनलोड दिसत नाहीत. काम झाल्यावर ‘No data transfer’ निवडून वायर काढायची.

आयफोनवर ‘Trust’ दाबण्याचा परिणाम जास्त काळ टिकतो. विश्वास टाकलेला संगणक फोनमधले फोटो, व्हिडिओ, संपर्क बघू शकतो आणि फोनचा पूर्ण बॅकअपही घेऊ शकतो. हे नातं फोन लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी विचारत नाही. सायबर कॅफेत किंवा जुन्या ऑफिसात कधी ‘Trust’ दाबलं असेल, तर ‘Settings’मध्ये ‘General’, मग ‘Transfer or Reset iPhone’, ‘Reset’ आणि शेवटी ‘Reset Location & Privacy’ या वाटेने जायचं. सगळ्या संगणकांवरचा विश्वास एकदम पुसला जातो. ॲपना दिलेल्या लोकेशनच्या परवानग्याही त्याबरोबर जातात, त्या पुन्हा द्याव्या लागतात.

अँड्रॉइडवर याहून मोठं एक दार आहे, ते म्हणजे ‘USB debugging’. ॲप बनवणाऱ्यांसाठी दिलेल्या या सोयीतून संगणक फोनमध्ये ॲप बसवू किंवा काढू शकतो, पडदा बघू शकतो, आज्ञा देऊ शकतो. सामान्य फोनवर ती बंदच असते. पण फोन दुरुस्त करताना, जुन्या फोनची माहिती नव्यात नेताना किंवा एखादा व्हिडिओ बघून ‘Developer options’ उघडताना ती चालू होते आणि तशीच राहते. दुरुस्तीहून आलेल्या फोनचं ‘Developer options’ जरूर तपासावं. डिबगिंग चालू असेल तर ‘Revoke USB debugging authorisations’ दाबून आधी जुने परवाने रद्द करावेत आणि मग ते बंद करावं. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये ‘Auto Blocker’ हे बटण आहे, ते चालू असलं की वायरीतून येणाऱ्या अशा आज्ञा अडवल्या जातात.

न बोलावलेलं ब्लूटूथ

२००४ च्या जूनमध्ये ‘कॅबिर’ नावाचा एक किडा सापडला. मोबाइल फोनवरून मोबाइल फोनवर पसरणारा हा पहिलाच. नोकियाच्या सिम्बियन फोनवर तो ब्लूटूथने यायचा. आधी संदेश घ्यायचा का असा प्रश्न, मग बसवायचा का असा प्रश्न. ‘नाही’ म्हटलं की लगेच पुन्हा तोच प्रश्न. ‘नाही’ म्हणून म्हणून माणूस थकायचा आणि फोन वापरता यावा म्हणून एकदाचं ‘होय’ दाबायचा. २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर जागतिक मैदानी स्पर्धा चालू असताना गर्दीत त्याचा फैलाव झाला. त्यावर तेव्हाही साधा उतारा होता : ब्लूटूथचा पल्ला दहाएक मीटरचा, तेवढं लांब चालत जायचं, नाहीतर ब्लूटूथ बंद करायचं.

जवळजवळ वीस वर्षांनी तीच तऱ्हा नव्या रूपात दिसली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा डेफकॉनमध्येच, एक संशोधक साधारण सत्तर डॉलरच्या सुट्या भागांतून जुळवलेलं यंत्र घेऊन फिरत होता, आणि आसपासच्या आयफोनवर ॲपल टीव्ही जोडायच्या विनंत्या उगवत होत्या. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये आगगाडीने जाणाऱ्या एका सुरक्षातज्ज्ञाच्या आयफोनवर विनंत्यांचा इतका भडिमार झाला की फोन बंद पडून पुन्हा सुरू होत राहिला. फ्लिपर झीरो नावाचं, खेळण्यासारखं दिसणारं यंत्र खिशात घेऊन कोणीतरी सहप्रवासी हे करत होता. आयओएस १७.२ मध्ये ॲपलने यावर बांध घातला. या विनंत्यांनी माहिती चोरली नाही, नुसता छळ केला. पण वैतागलेल्या माणसाचं बोट कुठे पडेल याचा नेम नसतो.

म्हणून न मागता आलेल्या विनंतीला कसं ओळखायचं, हे समजून घ्यायला हवं. खऱ्या जोडणीत दोन्ही बाजूंच्या लोकांना काय चाललं आहे ते माहीत असतं. दोन फोन किंवा फोन आणि गाडी जोडताना बहुधा दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात. ते दोन्हीकडे सारखे असतील तरच ‘Pair’ म्हणायचं. दुसरा पडदा समोर नसेल, तर जुळवायला काहीच नाही, म्हणून विनंती नाकारायची. विनंतीतल्या नावाला अर्थ नसतो. कुठल्याही यंत्राला ‘सोनी हेडफोन’ किंवा ‘आईचा फोन’ असं नाव देता येतं. ब्लूटूथवरून आलेली ‘.apk’ फाइल म्हणजे ॲप असतं. ती लग्नपत्रिकेच्या नावाने आली, तरी घेऊ नये.

विनंती नाकारण्याचीही संधी न देणारा एक प्रकार २०२३ च्या डिसेंबरमध्ये उघड झाला. मार्क न्यूलिन या संशोधकाने दाखवलं की, ब्लूटूथ नुसतं चालू असलेल्या अँड्रॉइड फोनला कोणतीही संमती न घेता बनावट कीबोर्ड जोडता येतो आणि कळा दाबता येतात. अँड्रॉइड ११ ते १४ साठी त्याच महिन्याच्या सुरक्षा अद्यतनात दुरुस्ती आली. अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या फोनना ती मिळालीच नाही. घरातल्या आजी-आजोबांकडे असे फोन हमखास असतात. त्यांच्या फोनमध्ये ‘About phone’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अद्यतनाची तारीख बघावी. तारीख डिसेंबर २०२३ च्या आधीची असेल, तर बाजारात, बसमध्ये, गर्दीत ब्लूटूथ बंदच ठेवावं.

बंद करायलाही नीट वाट धरावी लागते. आयफोनवर बोट खाली ओढून कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबलं, तर ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. जोडलेली काही उपकरणं सुटतात आणि पहाटे पाचला ते पुन्हा जोडण्यासाठी तयार होतं. खरोखर बंद करायचं तर ‘Settings’मध्ये जावं लागतं. एअरड्रॉप आणि अँड्रॉइडचं क्विक शेअर यांतही कोणाकडून फाइल स्वीकारायची हे ठरवता येतं. ‘Everyone’ची मुभा दहा मिनिटांपुरतीच घ्यावी, एरवी ‘Contacts’ किंवा त्याहून अरुंद पर्यायावर ठेवावं.

उरली गाडी. भाड्याच्या गाडीत गाणी लावायला फोन जोडला की बहुतेक वेळा एक छोटी चौकट विचारते : संपर्क आणि कॉलचा इतिहास गाडीला द्यायचा का? गाण्यांसाठी त्याची गरज नसते. ती टिकली काढली तरी गाणी वाजतात. दिली, तर फोनमधली नावं आणि नंबर गाडीच्या पडद्यामागच्या स्मृतीत उतरतात आणि गाडी परत केल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला दिसू शकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच याबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं. फोनवर ‘Forget’ दाबल्याने गाडीतली प्रत जात नाही. चावी परत देण्यापूर्वी गाडीच्याच पडद्यावर जोडलेल्या फोनची यादी उघडून त्यातून आपलं नाव काढून टाकावं लागतं.